व्याजदराच्या निर्णयाची वेळ: ट्रेड बंद करायचा की स्टॉप लांब न्यायचा?

फॉरेक्समध्ये नव्याने उतरलेले लोक मला हमखास विचारतात, "फेडचा निर्णय आहे, वर जाईल की खाली?" मी उलट विचारतो, "तुझा ट्रेड चालू आहे का, आणि त्याचा स्टॉप, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून ट्रेड आपोआप बंद होण्याचा भाव, कुठे आहे?" कारण बातमी कधी येणार हे आधीच ठाऊक असतं. फेड म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह, आणि व्याजदर ठरवायला तिच्या वर्षात 8 नियोजित बैठका होतात. निर्णय न्यूयॉर्कच्या दुपारी 2 वाजता जाहीर होतो आणि 2:30 ला अध्यक्षांची पत्रकार परिषद सुरू होते. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या बैठकीत सदस्यांचे पुढच्या दरांचे अंदाजही प्रसिद्ध होतात. त्या चार बैठकांना मी जास्त वचकून असतो.

वेळेबद्दल एक सूचना. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि युरोपची महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मधल्या काळात न्यूयॉर्क आणि युरोपातलं अंतर एका तासाने बदलतं, आणि मार्चची बैठक बहुतेक वेळा नेमकी याच काळात येते. कॅलेंडर एका वेळेवर आणि ब्रोकरचा सर्व्हर दुसऱ्या वेळेवर असेल, तर तुम्ही अजून तासभर अवकाश आहे असं समजून बसता आणि किंमत उडून जाते. म्हणून त्या दिवशी मी न्यूयॉर्कची वेळ स्वतंत्र लावून ठेवतो.

आता दोन वाजता नेमकं काय होतं ते बघू. मोठे बँक-डीलर आपले भाव काही क्षण मागे घेतात किंवा लांब ठेवतात. त्यामुळे स्प्रेड, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर, एरवी एका पिपच्या, म्हणजे भावातल्या 0.0001 च्या, आत असतं ते अचानक कितीतरी पिपचं होतं. इथे नवख्यांना चकवणारी एक गोष्ट आहे. बहुतेक चार्ट फक्त बिड, म्हणजे तुम्ही विकू शकता तो भाव दाखवतात, पण विक्रीच्या ट्रेडचा स्टॉप आस्क, म्हणजे तुम्हाला खरेदी करावी लागते त्या भावाला लागतो. समजा, तुमचा स्टॉप 1.1155 ला आहे. चार्टवर किंमत 1.1149 पर्यंतच गेली, पण त्या क्षणी स्प्रेड 7 पिप होता, म्हणजे आस्क 1.1156. ट्रेड कापला गेला, आणि चार्ट बघून वाटतं ब्रोकरने फसवलं. फसवणूक होतच नाही असं नाही, पण इथे गणित सरळ आहे.

दुसरी गोष्ट स्लिपेजची. स्टॉप लागला की तो साधी बाजारभावाची ऑर्डर बनतो. त्या भावाला समोर कोणी नसेल, तर जो पुढचा भाव मिळेल तिथे सौदा होतो. म्हणजे स्टॉप हा तोट्याचा हमीपत्रावरचा आकडा नसतो. काही ब्रोकर जादा शुल्क घेऊन हमीचा स्टॉप देतात, पण तो बातमीच्या आधीच लावलेला असावा लागतो.

मग स्टॉप लांब नेला की झालं? इथेच लोक हिशेब विसरतात. समजा खात्यात 5000 डॉलर आहेत आणि एका ट्रेडला 1 टक्का, म्हणजे 50 डॉलर जोखीम घ्यायची आहे. सौद्याचा आकार लॉटमध्ये मोजतात, आणि युरो-डॉलरमध्ये एका पूर्ण लॉटला एक पिप म्हणजे 10 डॉलर. 25 पिपचा स्टॉप असेल तर 0.20 लॉट बसतो: 25 पिप गुणिले 2 डॉलर, बरोबर 50. हाच स्टॉप 80 पिपवर नेला आणि लॉट तसाच ठेवला, तर जोखीम 160 डॉलर होते, म्हणजे तिपटीहून जास्त. 50 च्या आत राहायचं तर लॉट 0.06 वर आणावा लागतो, म्हणजे 48 डॉलर. थोडक्यात, 0.20 पैकी 0.14 आधी बंद करायचे आणि मगच स्टॉप सरकवायचा. क्रम उलटा झाला, तर मधली काही मिनिटं तुम्ही मोठी जोखीम उघडी टाकून बसलेले असता.

याचा उपयोग दोन तारखांवर तपासून बघा. 18 सप्टेंबर 2024 ला फेड पाव टक्का कपात करणार की अर्धा, यावर बाजार दुभंगलेला होता. अर्धा टक्का झाली. युरो-डॉलर झटक्यात 1.1180 च्या पुढे गेला आणि दिवस संपेपर्यंत पुन्हा 1.11 च्या जरा वर येऊन थांबला. 1.1130 ला विकून 25 पिपचा स्टॉप ठेवलेला माणूस 1.1155 ला बाहेर फेकला गेला, दिशा चुकीची नसतानाही. 80 पिपचा, म्हणजे 1.1210 चा स्टॉप टिकला असता.

आता 18 डिसेंबर 2024. पाव टक्का कपात सगळ्यांनी धरलेली होती आणि तेवढीच झाली. पण सदस्यांच्या अंदाजात 2025 साठीच्या कपाती चारावरून दोनवर आल्या. 1.05 च्या जरा खाली असलेला युरो 1.035 च्या आसपास घसरला आणि त्या दिवशी परत आला नाही. 1.0490 ला खरेदी करून 80 पिपचा स्टॉप ठेवला असता, तर तो 1.0410 ला लागलाच असता. लॉट 0.06 असेल तर 48 डॉलर आणि वर थोडं स्लिपेज, 0.20 असेल तर 160 आणि वर स्लिपेज. लांब स्टॉप सप्टेंबरमध्ये वाचवतो आणि डिसेंबरमध्ये नाही. दोन्ही दिवशी तोट्याला आवर घालतो तो छोटा लॉट.

म्हणून माझा नियम असा: ट्रेडची कल्पना काही तासांची असेल, तर दुपारी दीडपर्यंत तो बंद, नफ्यात असो की तोट्यात. काही दिवसांची असेल आणि 80 पिप दूर खरोखर एखादी महत्त्वाची पातळी असेल, तरच लॉट कमी करून स्टॉप लांब नेतो. पातळीच नसेल, तर 80 हा नुसता हवेतला आकडा आहे. मागच्या काही निर्णयांच्या दिवशी किंमत किती फिरली हे चार्टवर मोजून घ्या. लांब नेलेला स्टॉपही त्याच्या आतच येत असेल तर नेऊन उपयोग नाही, ट्रेड बंदच करा. किंमत एखादी पातळी तोडेल म्हणून आधीच वर-खाली लावून ठेवलेल्या पेंडिंग ऑर्डर्सही काढून टाका. पहिल्या उडीत एक भरते, लगेच उलट फिरून दुसरी भरते, आणि दोन्ही तोट्यात जातात. खात्यातलं मोकळं मार्जिन, म्हणजे चालू ट्रेडसाठी न अडकलेली रक्कमही एकदा बघा, कारण काही ब्रोकर अशा वेळी मार्जिनची अट वाढवतात.

बाजूला बसल्यावर परत कधी यायचं? दोन वाजताची पहिली उडी मी मुद्दाम सोडून देतो. निवेदनाने गेलेली किंमत अध्यक्षांच्या एका उत्तराने उलटी फिरलेली बरेचदा दिसते, आणि प्रश्नोत्तरं साडेतीनच्या सुमारास संपतात. त्यानंतर स्प्रेड नेहमीसारखा झालाय का, एवढं टर्मिनलवर बिड आणि आस्क दोन्ही लावून बघतो. आस्कची रेघ चार्टवर सेटिंगमधून दाखवता येते. ज्याचा ट्रेड छोट्या लॉटवर चालू राहिलाय, त्याने आता स्टॉप नव्या पातळीमागे जवळ आणावा. लॉट परत वाढवायची मात्र घाई नको. मी तो वाढवतो फक्त दुसऱ्या दिवशी, एंट्रीचं कारण नव्याने दिसलं तर.