संपृक्त द्रावणाच्या वाहकतेवरून बेरियम सल्फेटचा विद्राव्यता गुणाकार कसा काढावा

बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही असे आपण म्हणतो, परंतु २५ अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात त्याचे सुमारे अडीच मिलिग्रॅम विरघळतातच. इतका अल्प भाग पाणी आटवून तराजूवर तोलणे अवघड असते. मात्र विरघळलेला भाग बेरियम आणि सल्फेट आयनांच्या रूपात असतो, आणि आयन विद्युतवहन करतात. द्रावणाची वाहकता मोजली की आयनांची संहती कळते, संहतीवरून विद्राव्यता आणि विद्राव्यतेच्या वर्गावरून विद्राव्यता गुणाकार मिळतो. गणित चार ओळींचे आहे. सगळा कस लागतो तो पाणी निवडताना आणि अवक्षेप धुताना, म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

पाणी

संपृक्त द्रावणातील बेरियम सल्फेटमुळे येणारी विशिष्ट वाहकता जेमतेम ३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. हवेच्या संपर्कात राहिलेल्या चांगल्या डिस्टिल्ड वॉटरची विशिष्ट वाहकता १ च्या आसपास असते, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून त्यात थोडे हायड्रोजन आणि बायकार्बोनेट आयन तयार होतात. अर्थात पाण्याचा स्वतःचा वाटा मोजायच्या राशीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असतो आणि तो वजा केल्याशिवाय उत्तराला अर्थ उरत नाही.

डिस्टिल्ड वॉटर काचेच्या फ्लास्कमध्ये दहा-पंधरा मिनिटे उकळावे, म्हणजे विरघळलेले वायू निघून जातात, आणि मग घट्ट बूच लावून थंड होऊ द्यावे. धुण्यासाठी, संपृक्त द्रावण बनवण्यासाठी आणि कोऱ्या मापनासाठी एकाच वेळी उकळलेले पाणी वापरावे, ही अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. कोरे मापन एका बाटलीतील पाण्याचे आणि द्रावण दुसऱ्या बाटलीतील पाण्याचे असेल, तर वजाबाकी केवळ कागदावर होते. विशिष्ट वाहकता २ पेक्षा जास्त आली, तर ते पाणी बाजूला ठेवून दुसरे घ्यावे.

अवक्षेप तयार करणे आणि धुणे

सुमारे १.२ ग्रॅम स्फटिकी बेरियम क्लोराइड १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून द्रावण उकळीपर्यंत तापवावे आणि ढवळत राहून त्यात ०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडावे. यासाठी १०० मिलिलिटर आम्ल पुरते, वर थोडे जास्त घालावे. बेरियम क्लोराइड विषारी आहे, तेव्हा ते तोंडाने पिपेटमध्ये ओढू नये आणि काम झाल्यावर हात धुवावेत. सल्फेट देण्यासाठी सोडियम सल्फेटही चालले असते, पण बेरियम सल्फेटला अवक्षेपित होताना अल्कली क्षार आपल्या स्फटिकांत अडकवून घेण्याची खोड आहे आणि तसे अडकलेले क्षार नुसत्या धुण्याने निघत नाहीत.

घाईने, थंड द्रावणात केलेला अवक्षेप फार बारीक होतो. असे बारीक कण मोठ्या स्फटिकांपेक्षा किंचित अधिक विरघळतात, त्यामुळे उत्तर वरच्या बाजूला झुकते. म्हणून अवक्षेप पडल्यावर बीकर झाकून एक-दोन तास गरम पाण्याच्या बाथवर ठेवावे, म्हणजे बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर बसतात आणि साका लवकर तळाशी जातो.

त्यानंतर वरचे पाणी ओतून टाकावे, सुमारे १० मिलिलिटर द्रव साक्यासोबत शिल्लक ठेवावा, २०० मिलिलिटरपर्यंत ताजे उकळलेले पाणी घालावे, नीट ढवळावे, साका बसू द्यावा आणि पुन्हा वरचे पाणी ओतावे. प्रत्येक धुण्यात अशुद्धी साधारण वीसपट पातळ होते, म्हणून ढोबळ हिशेबाने पाच-सहा धुण्यांत काम व्हायला हवे. प्रत्यक्षात कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेले आयन सावकाश सुटतात आणि आणखी काही धुणी लागतात.

धुणे पुरे झाले हे ओळखण्यासाठी शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून गढूळपणा येतो का, हे पाहण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. या प्रयोगाला ती पुरेशी नाही. लिटरमागे ५ मायक्रोमोल हायड्रोक्लोरिक आम्ल उरले तर दिसणारा गढूळपणा इतका फिका असतो की तो नजरेतून सहज सुटतो, पण तेवढे आम्ल २ मायक्रोसीमेन्सहून अधिक विशिष्ट वाहकता देते. हायड्रोजन आयन इतर बहुतेक आयनांच्या कितीतरी पट वेगाने विद्युतवहन करत असल्यामुळे आम्लाचा अंशही येथे महागात पडतो. सल्फ्युरिक आम्ल लिटरमागे केवळ १ मायक्रोमोल राहिले, तर सामायिक आयनामुळे विद्राव्यता थोडी घटूनही एकूण वाचन जवळपास पाव हिश्श्याने वाढते आणि गुणाकार दीडपट येतो.

म्हणून खरी कसोटी कंडक्टिव्हिटी मीटरचीच. प्रत्येक धुण्याचे निवळलेले पाणी २५ अंशाला आणून सेलमध्ये घ्यावे आणि वाचन लिहून ठेवावे. सुरुवातीला आकडे झपाट्याने उतरतात, मग उतार मंदावतो आणि अखेर वाचन एका ठिकाणी थांबते. ते शून्याकडे किंवा कोऱ्या पाण्याच्या आकड्याकडे जात नाही, कारण थांबलेले ते वाचन संपृक्त बेरियम सल्फेटचे स्वतःचे असते. लागोपाठच्या तीन धुण्यांची वाचने जुळली, तर धुणे पूर्ण झाले असे समजावे.

सेल स्थिरांक आणि मापन

मीटरवर दिसणारी वाहकता सेलच्या आकारावर अवलंबून असते, म्हणून तिला सेल स्थिरांकाने गुणून विशिष्ट वाहकता काढावी लागते. मीटरमध्ये स्थिरांक आधीच भरलेला असेल, तर तो १ करून ठेवावा, नाहीतर गुणाकार दोनदा होतो. सेलवर छापलेल्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा ०.७४५६ ग्रॅम कोरडे पोटॅशियम क्लोराइड एक लिटरमध्ये विरघळवून ०.०१ मोलर द्रावण करावे. २५ अंशाला त्याची विशिष्ट वाहकता १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. समजा मीटरने १३८० मायक्रोसीमेन्स दाखवले, तर सेल स्थिरांक १४१३ भागिले १३८०, म्हणजे १.०२४ प्रति सेंटिमीटर येतो.

यानंतर सेल चांगल्या पाण्याने अनेकदा धुवावा. इलेक्ट्रोडवरील प्लॅटिनमचा काळा थर क्षार धरून ठेवतो आणि विरल द्रावणात हळूहळू सोडतो. सेल कोऱ्या पाण्यात ठेवल्यावर वाचन सावकाश वर चढत असेल, तर क्षार अजून सुटत आहे असे समजून पाणी बदलत राहावे.

संपृक्त द्रावणासाठी धुतलेला साका पाण्यात घालून ४०-५० अंशांपर्यंत गरम करावा, मग २५ अंशांच्या बाथमध्ये अधूनमधून हलवत तास-दीड तास ठेवावा. दुसरा नमुना गरम न करता तितकाच वेळ हलवत ठेवावा. दोन्हींची वाचने जुळली, तर समतोल आला याची खात्री होते. साका बसल्यावर वरचे निवळ द्रावण घ्यावे. ते फिल्टर पेपरमधून गाळू नये, कारण कागदातून आयन येतात.

तापमान हा या मापनातील दुसरा कच्चा दुवा आहे. विशिष्ट वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते आणि शिवाय विद्राव्यताही बदलते. मीटरमधील तापमान-दुरुस्तीची सोय बंद ठेवून बाथ खरोखर २५ अंशांवर राखावा. ती सोय केवळ वाहकतेतील बदल अंदाजे दुरुस्त करते, विद्राव्यतेतील बदल तिला कळत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे खोलीचे तापमान ३५ अंशांपुढे जाते, तेव्हा बाथमध्ये बर्फाचे पाणी घालूनच ते साधावे लागते.

एक हिशेब

समजा २५ अंशांना संपृक्त द्रावणाचे वाचन ४.२५ आणि त्याच पाण्याचे कोरे वाचन १.२९ मायक्रोसीमेन्स आले. १.०२४ ने गुणल्यावर विशिष्ट वाहकता अनुक्रमे ४.३५ आणि १.३२ येते, म्हणून बेरियम सल्फेटचा वाटा ३.०३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर.

द्रावण अतिशय विरल असल्याने त्याची मोलर वाहकता अनंत विरलतेच्या मूल्याइतकी धरता येते, आणि कोलराउशच्या नियमानुसार ती दोन आयनांच्या वाट्यांची बेरीज असते. कोष्टकांतील मूल्ये बहुधा अर्ध्या बेरियम आयनासाठी ६३.६ आणि अर्ध्या सल्फेट आयनासाठी ८०.० अशी दिलेली असतात. येथे दुप्पट करायचे राहून गेले, तर विद्राव्यता दुप्पट आणि गुणाकार चौपट येतो.

```
Λ° = 2 × 63.6 + 2 × 80.0 = 287.2 S cm²/mol
S  = 1000 × κ / Λ° = 1000 × 3.03×10⁻⁶ / 287.2
   = 1.06×10⁻⁵ mol/L
Ksp = S² = 1.1×10⁻¹⁰
```

बेरियम सल्फेटच्या एका सूत्रापासून एक बेरियम आणि एक सल्फेट आयन मिळतो, म्हणून येथे वर्ग घेतला. वर्गामुळे विद्राव्यतेतील ५ टक्क्यांची चूक गुणाकारात सुमारे १० टक्क्यांची होते. कोरे वाचन वजा केलेच नसते, तर याच आकड्यांवरून गुणाकार २.३ × १०⁻¹⁰, म्हणजे दुपटीहून अधिक आला असता.

याहून काटेकोर जायचे असेल, तर दोन दुरुस्त्या आहेत. या संहतीला मोलर वाहकता अनंत विरलतेच्या मूल्यापेक्षा सुमारे १ टक्क्याने कमी असते, आणि दुहेरी भाराच्या आयनांचा सक्रियता गुणांक १ ऐवजी ०.९७ च्या आसपास भरतो. सक्रियतेची दुरुस्ती गुणाकार ६ टक्क्यांनी खाली आणते, तर वाहकतेची त्याला २ टक्क्यांनी वर उचलते. कॉलेजातील उपकरणावर दोन सार्थ अंकच खात्रीने मिळतात, त्यामुळे १.१ × १०⁻¹⁰ लिहिणे रास्त ठरते.

ही पद्धत कोणत्या क्षारांना चालते

सिल्व्हर क्लोराइडला ही पद्धत तितकीच लागू पडते, मात्र त्याचे द्रावण अंधारात ठेवावे लागते. सिल्व्हर आयोडाइड इतके कमी विरघळते की त्याचा वाटा ०.००१ मायक्रोसीमेन्सच्या आसपास असतो, तर अत्यंत शुद्ध पाण्याचाच ०.०५५ असतो, म्हणून तेथे वजाबाकीत काही हाती लागत नाही. कॅल्शियम सल्फेट उलट फार जास्त विरघळते. त्याच्या द्रावणात अनंत विरलतेचे मूल्य वापरता येत नाही आणि काही आयन जोड्यांनी राहून वाहकतेत भागच घेत नाहीत. कॅल्शियम कार्बोनेटची अडचण वेगळी आहे. कार्बोनेट आयन पाण्याशी आणि त्यातील कार्बन डायऑक्साइडशी क्रिया करून बायकार्बोनेट देतो, त्यामुळे द्रावणात कोणते आयन किती आहेत हेच ठरवता येत नाही आणि कोरे वाचन वजा करण्यालाही आधार राहत नाही.