टेबलवरून मध्य, मध्यक अन् बहुलक कसं काढायचं : कापसाच्या एका सेटवरून

तलाठी, पोलीस भरतीच्या पेपरात डेटाच्या सेटमधे असं टेबल आलं की अर्धी पोरं खालच्या ओळीतच फसतात, म्हणून एकच टेबल घेऊ अन् तेच नीट पाहू. समजा एका गावातल्या ४० शेतकऱ्यांचा कापसाचा एकरी उतारा असा आहे :

| क्विंटल | ४ | ५ | ६ | ७ | ८ | १० |
|---|---|---|---|---|---|---|
| शेतकरी | २ | १२ | ८ | ८ | ६ | ४ |

आधी बहुलक, ते फुकटात मिळते. सगळ्यात जास्त शेतकरी कुठं आहेत, तर १२, अन् त्याच्या डोक्यावर ५ आहे, म्हणून बहुलक ५ क्विंटल. ऑप्शनमधे १२ पण देऊनच ठेवते पेपरवाला, घाईत त्याच्यावरच टिक होते.

आता मध्य. प्रत्येक उतारा त्याच्या शेतकऱ्यांनी गुणायचा : ८, ६०, ४८, ५६, ४८, ४०. बेरीज २६०, भागिले ४०, उत्तर ६.५. भागायचं शेतकऱ्यांच्या एकूण संख्येनं, रकान्यांच्या संख्येनं नाही बरं का. रकाने सहा दिसतात म्हणून सहानं भागलं तर ४३ च्या वर जाते, अन् टेबलात सगळ्यात मोठा आकडाच १० आहे, मग सरासरी ४३ कुठून येईन? मध्य नेहमी सगळ्यात लहान अन् मोठ्या आकड्याच्या मधातच पडते, एवढं पाहिलं तरी चूक लगेच सापडते.

गुणाकार नको वाटत असन तर ६ धरून चाला. ४ वाले दोन जण २-२ नं कमी म्हणजे उणे ४, ५ वाले उणे १२, ६ वाले शून्य, मग अधिक ८, अधिक १२, अधिक १६. सगळं मिळून अधिक २०, त्याला ४० नं भागलं की ०.५, अन् ६ मधे मिळवलं की तेच ६.५. पेपरात मला तर हेच बरं वाटते, आकडे लहान राहतात.

मध्यकात खरी गोची आहे. वरच्या ओळीतले मधले दोन आकडे ६ अन् ७, त्याची सरासरी ६.५ असं करून टाकतात लोकं, पण आपल्याला मधला रकाना नाही, मधला शेतकरी पाहिजे. सगळ्यांना उताऱ्यानुसार रांगेत उभं केलं तर ४० मधे मधले म्हणजे २० वा अन् २१ वा. आता बेरीज करत चला, यालाच संचित वारंवारता म्हणतात : २, १४, २२... बस, इथंच थांबा. १५ वा ते २२ वा सगळे ६ वाले, म्हणजे दोघंही त्यातच, मध्यक ६. बेरीज बरोबर २० वर थांबली असती तर मात्र २० वा ६ चा अन् २१ वा ७ चा झाला असता, तेव्हा ६.५ लिहायचं. अन् वरचे आकडे चढत्या क्रमानं नसतील तर आधी लावून घ्या, पेपरवाले मुद्दाम उलटेपालटे देतात.

सेटमधे पुढचा प्रश्न बहुतेक असा येते की १० वाल्या चौघांचा उतारा १२ झाला तर काय बदलन? परत सगळं मांडायची गरज नाही. बेरजेत ८ वाढले, ४० नं भागले की ०.२, मध्य ६.७ झाला. मधले दोघं अन् ५ वाले बारा जण जागचे हललेच नाहीत, म्हणून मध्यक ६ अन् बहुलक ५ तसेच.