टाकीच्या माथ्यावरचा काटा साठ दाखवत असला तरी

रुग्णालयाच्या मेंटेनन्समध्ये नव्याने लागलेल्यांसाठी लिहितोय. लिजिओनेला हा जिवाणू पाण्यातून पोटात गेला म्हणून सहसा काही बिघडत नाही. शॉवरच्या किंवा कूलिंग टॉवरच्या तुषारांतून श्वासात गेला की न्यूमोनिया होतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तो 20 ते 45 अंशांत वाढतो, पन्नासला मरायला तास लागतात, साठला काही मिनिटं पुरतात. म्हणून गरम पाण्याची टाकी साठवर ठेवायची. हे मलाही पाठ होतं आणि तरी मी फसलो.

गोव्यातल्या एका रुग्णालयात माझं पहिलं वर्ष होतं. छतावर दोन हजार लिटरची टाकी, तिला सोलर आणि विजेचे दोन हीटर. रोज सकाळी सहाला मी वर जायचो, माथ्यावरचा काटा बघायचो, वहीत साठ लिहायचो. जुलैमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरने सांगितलं, की साडेसातनंतर शेवटच्या खोलीत पाणी कोमट येतं. मी तिला काटा दाखवला. आजही त्याची लाज वाटते.

नंतर खालचा ड्रेन उघडला. आधी तांबूस गाळ आला, मग 36 अंशांचं पाणी. खालचा हीटर जळालेला होता आणि पावसाळ्यात सोलर नावालाच. वरचा हीटर आपल्या वरचंच पाणी तापवत होता, कारण गरम पाणी हलकं, ते वर तरंगत राहतं. थंड पाणी टाकीत खालून शिरतं. त्यामुळे वर साठ, मध्ये चाळीस आणि तळाशी गाळावर जिवाणूंची शेती, असे थर आठवडेच्या आठवडे राहू शकतात.

तुम्ही म्हणाल, पाणी तर वरून बाहेर जातं, मग तळाचं काय? मीही तेच म्हणालो होतो. सकाळी आंघोळीच्या वेळी वरचा गरम थर तासाभरात संपतो, आणि खालचं न तापलेलं पाणी वर सरकत थेट वॉर्डांत जातं. सहाला काटा खरंच बोलत होता, आठला तेच पाणी उरलेलं नव्हतं. शॉवरचा नमुना पॉझिटिव्ह आला. कुणी आजारी पडलं नाही, पण त्याच मजल्यावर स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण होते, म्हणून मला झोप लागेना.

तेव्हा तापमान चार ठिकाणी घ्या: टाकीतून निघताना, परत येणाऱ्या लाइनवर, तळाच्या ड्रेनला आणि सर्वांत लांबच्या नळाला मिनिटभर पाणी सोडून. निघताना साठ, परतताना किमान पन्नास, लांबच्या नळाला रुग्णालयात पंचावन्न. मिक्सिंग व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या आधीच्या गरम पाइपवर प्रोब लावा, नाहीतर व्हॉल्व्हने मिसळलेलंच मोजाल. आणि हे आंघोळीची गर्दी ओसरतानाच करा.

आमच्या फोरमनचं मत होतं, क्लोरीन टाकलं की झालं. मला ते पटत नाही. गाळ आणि पाइपांतला बुळबुळीत थर राहिला तर जिवाणू त्याच्या आड टिकतो आणि पुन्हा वाढतो. आम्ही आधी टाकी रिकामी करून गाळ काढला, खालचा हीटर बदलला, आणि तळाचं पाणी माथ्याला नेणारा छोटा पंप बसवला. तो पहाटे, मागणी नसताना, तासभर चालतो. मग टाकी सत्तरपर्यंत नेऊन एकेक नळ वाहवला. त्या रात्री प्रत्येक नळापाशी माणूस उभा हवा. सत्तर अंशांनी कातडी क्षणात भाजते, यात तडजोड नाही.

नमुना त्याच दिवशी घेऊ नका, तो स्वच्छच येणार. काही दिवस जाऊ द्या. नळ न वाहवता पहिलंच पाणी घ्या, आणि बाटलीत सोडियम थायोसल्फेट असू द्या, नाहीतर उरलेलं क्लोरीन वाटेतच जिवाणू मारतं. कल्चरला दहा दिवस लागू शकतात. तोवर हातावर हात ठेवून बसू नका, तापमान चुकलंय एवढं काम सुरू करायला पुरेसं आहे.

कूलिंग टॉवरचा तपशील वेगळा आहे. तिथे पाणी तापवता येत नाही, म्हणून बायोसाइड, स्वच्छता आणि तुषार अडवणारे ड्रिफ्ट एलिमिनेटर हेच हाती असतं. पाण्याचा पीएच आठच्या वर गेला तर क्लोरीनचा जोर कमी पडतो, तेवढं ध्यानात ठेवा.

बाहेरची मार्गदर्शक पुस्तकं थंड पाणी विसाच्या खाली ठेवायला सांगतात. आपल्याकडे उन्हातल्या छतावरच्या टाकीत ते तीसच्या खाली आणता येत नाही. घाबरून जाऊ नका, फक्त टाकी सावलीत घ्या आणि पाणी साचू देऊ नका. चवथीला खोल्या रिकाम्या होतात, तेव्हा बंद खोलीचे नळ आठवड्यातून एकदा तरी वाहवा. शॉवरचं डोकं काढून पाइपचं तोंड बादलीत धरा, म्हणजे तुषार उडणार नाहीत. आता माझ्या वहीत काट्याच्या रकान्याशेजारी ड्रेनचा रकाना आहे. आज सकाळी साडेसातला त्यात 58 लिहिलं.