इंटरव्ह्यूनंतरच्या मेलमध्ये "मला कंपनीने काढलं होतं" हे कसं लिहायचं

मी पुण्यात आयटी हायरिंगमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणजे कँडिडेट शोधणं, राउंड लावणं, ऑफर काढणं आणि नंतर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या मागे लागणं हे सगळं माझ्याच टेबलावरून जातं. आमच्या सोसायटीतली एक मुलगी टेस्टिंगमध्ये आहे, मूळची लातूरकडची. मागच्या वर्षी एका संध्याकाळी ती घरी आली आणि म्हणाली, "ताई, मी इंटरव्ह्यूत खोटं बोलून आले, आता काय करू?" तिची परवानगी घेऊन तिचीच केस इथे सांगतेय, कारण या विषयावर जे सल्ले फिरतात ते बहुतेक इंटरव्ह्यूत तोंडी काय सांगायचं याचे असतात, इंटरव्ह्यू झाल्यावर मेलमध्ये काय लिहायचं ते कुणी नीट सांगत नाही.

झालं होतं असं. हिंजवडीतल्या एका कंपनीत ती मॅन्युअल टेस्टर होती. टीमला ऑटोमेशनवर न्यायचं ठरलं, हिचं कोडिंग कच्चं होतं, नोव्हेंबर 2024 मध्ये तिला साठ दिवसांच्या पीआयपीवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम सुधारून दाखवायच्या प्लॅनवर, टाकलं. टार्गेट होतं चाळीस रिग्रेशन केसेस सेलेनियम या टेस्टिंगच्या टूलमध्ये ऑटोमेट करायच्या, तिच्याकडून पंधराएक झाल्या. जानेवारी 2025 मध्ये टर्मिनेशन लेटर हातात दिलं, नोटीस पीरियडचा पगार दिला आणि विषय संपला. नंतर तिने एका छोट्या कंपनीचं फ्रीलान्स काम केलं, सेलेनियम आणि जावा खरंच शिकली, आणि बाणेरच्या एका कंपनीत दुसऱ्या राउंडपर्यंत पोचली. तिथे मॅनेजरने सहज विचारलं, मागची कंपनी का सोडली? ही पटकन म्हणाली, "प्रोजेक्ट संपला सर." मॅनेजर मान हलवून पुढच्या प्रश्नावर गेला, पण हिचं पुढे लक्षच लागलं नाही.

मी पहिल्यांदा तिला म्हटलं, घरी जा आणि सगळे कागद घेऊन ये. टर्मिनेशन लेटर, सर्व्हिस सर्टिफिकेट, फुल अँड फायनलचं स्टेटमेंट, सगळं. कारण मेलमध्ये जे लिहाल ते कागदाशी जुळलं पाहिजे, आणि बऱ्याच जणांना आपल्या कागदावर नेमकं काय छापलंय हेच माहीत नसतं. काही कंपन्या सांगतात की तूच राजीनामा टाक, मग रिलीव्हिंग लेटरवर रेझिग्नेशन येतं. अशा वेळी "कंपनीने सांगितल्यावर मी राजीनामा दिला" हे खरं वाक्य आहे, तिथे टर्मिनेशन लिहायची गरज नाही. ले-ऑफ झाला असेल तर तसं स्पष्ट लिहा, त्यात तुमच्या कामाचा दोष नसतो आणि वाचणाऱ्याला तो फरक कळतो. हिच्या पत्रात मात्र सरळ लिहिलं होतं, परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन पूर्ण न झाल्यामुळे सेवा समाप्त. मग मेलमध्येही तेच.

तिचा दुसरा प्रश्न होता, "पण त्यांना कळणार कसं? पीएफमध्ये दिसतं का?" पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत कधी लागलात आणि कधी निघालात या तारखा दिसतात, परफॉर्मन्सवरून काढलं असं तिथे काही लिहिलेलं नसतं. पण व्हेरिफिकेशन एजन्सी जुन्या एचआरला जो फॉर्म पाठवते त्यात तारखा, पद, शेवटचा पगार यांच्यासोबत बहुतेक वेळा सोडण्याचं कारण आणि पुन्हा घ्याल का हे दोन रकाने असतात. जुना एचआर तिथे काय भरेल ते तुमच्या हातात नाही. काही कंपन्या फक्त तारखा देतात, काही सगळं देतात. आणि हे व्हेरिफिकेशन बऱ्याच ठिकाणी ऑफरनंतर, कधीकधी जॉइन झाल्यावरसुद्धा चालतं. ऑफर लेटरमध्ये एक कलम असतंच की दिलेली माहिती खोटी निघाली तर ऑफर रद्द किंवा नोकरी समाप्त. म्हणजे आज जे सांगायला लाज वाटते ते तीन महिन्यांनी निघालं तर दुसरं टर्मिनेशन, आणि त्याचं कारण खोटी माहिती, जे परफॉर्मन्सपेक्षा कितीतरी जड पडतं. जे सध्या दुसरीकडे नोकरीत आहेत त्यांनी तर हे ऑफर घेऊन राजीनामा टाकायच्या आधीच मिटवावं, नाहीतर इकडचीही जाते आणि तिकडचीही.

मग ती घरून मेल लिहून आली. चांगला दीड पानी. त्यात मॅनेजर कसा बदलला, सीनियरने नॉलेज ट्रान्सफर कसा दिला नाही, पीआयपी मुळात अन्यायाचा कसा होता, सगळं होतं. मी ते वाचलं आणि तिला सांगितलं की यातलं बरंचसं खरं असेल, पण वाचणाऱ्याकडे ते तपासायचा काही मार्ग नाही, आणि त्याला यातून एवढंच दिसतं की ही अजून त्या भांडणातच आहे. आम्हाला असा मेल येतो तेव्हा आम्ही काय करतो ते सांगते. त्यातल्या तीन-चार ओळी उचलून कँडिडेटच्या रेकॉर्डमध्ये टाकतो, त्याच हायरिंग मॅनेजरला पाठवतो आणि विचारतो, चालेल का? म्हणून त्या तीन-चार ओळी तशाच्या तशा पुढे पाठवता येतील अशा पाहिजेत. दीड पानातून मी त्या शोधत बसणार नाही, आणि मी स्वतःच्या शब्दांत सांगायला गेले तर ते तुमच्या मनासारखं येईलच असं नाही.

शेवटी जो मेल गेला तो असा होता. अर्थात गेला इंग्रजीतच, इथे मराठीत देतेय.

"नमस्कार मॅडम, काल वेळ दिल्याबद्दल आभार. पेमेंट मॉड्यूलच्या रिग्रेशनबद्दल सरांशी जे बोलणं झालं त्यानंतर हे काम करायची इच्छा आणखी पक्की झाली.

एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. मागची नोकरी का सुटली या प्रश्नावर मी प्रोजेक्ट संपला असं उत्तर दिलं, ते बरोबर नव्हतं. जानेवारी 2025 मध्ये कंपनीने मला परफॉर्मन्सच्या कारणावरून टर्मिनेट केलं. साठ दिवसांच्या पीआयपीत ठरलेलं ऑटोमेशनचं टार्गेट मी पूर्ण करू शकले नाही. शिस्तभंगाचा कोणताही विषय नव्हता आणि फुल अँड फायनल पूर्ण झालं आहे.

त्यानंतर मी सेलेनियम आणि जावावर काम केलं आणि एका छोट्या कंपनीसाठी फ्रीलान्स तत्त्वावर रिग्रेशन स्क्रिप्ट्स लिहिल्या. तिथल्या लीडचा रेफरन्स देऊ शकते. माझ्या सरावाच्या कोडची लिंक खाली आहे. टर्मिनेशन लेटर आणि सर्व्हिस सर्टिफिकेट व्हेरिफिकेशनच्या वेळी देईन. काही विचारायचं असेल तर फोनवर बोलायला तयार आहे."

बस, एवढंच. आता यातल्या काही जागा सांगते जिथे आमची बराच वेळ चर्चा झाली.

"ते बरोबर नव्हतं" इथे तिने आधी "माझं उत्तर थोडं अपुरं राहिलं" असं लिहिलं होतं. प्रोजेक्ट संपलाच नव्हता, मग अपुरं कसं? दुरुस्ती करायला बसलोय तर ती एकदाच आणि पूर्ण करायची, नाहीतर मॅनेजरला वाटतं अजून काहीतरी झाकतेय. मात्र माफीचं पारायण नको. एक वाक्य कबुलीचं, लगेच पुढे वस्तुस्थिती.

शिस्तभंगाचं वाक्य तिला अनावश्यक वाटत होतं, मी आग्रहाने ठेवायला लावलं. टर्मिनेट शब्द वाचला की एचआरच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो, चोरी, खोटी बिलं, छळाची तक्रार, न सांगता गायब होणं, यातलं काही होतं का? तो प्रश्न मेलमध्येच मिटला तर बाकीचं शांतपणे वाचलं जातं. पण हे वाक्य खरं असेल तरच लिहायचं. गैरवर्तनाच्या कारणावरून काढलं असेल तर हा साचा चालणार नाही. तिथे कारण एका ओळीत, चौकशीत काय ठरलं ते एका ओळीत, आणि केस सुरू असेल तर आधी वकिलाला दाखवूनच मेल पाठवायचा. आणि बँकिंग किंवा फायनान्सच्या क्लायंटवर जायचं काम असेल तर कितीही चांगला मेल लिहिला तरी दार बंद होऊ शकतं, हे मनात धरून चला.

कोडच्या लिंकवरून तर मी तिला थांबवलंच. ती फ्रीलान्सवाल्या कंपनीचा कोड दाखवणार होती. क्लायंटचा कोड परवानगीशिवाय बाहेर दाखवणं हा नवीनच घोळ झाला असता, म्हणून एका डेमो शॉपिंग साइटवर तिने सरावाला लिहिलेल्या स्क्रिप्ट्स दिल्या. सुधारणा दाखवताना जे कमी पडलं होतं तेच आता येतं हे दिसलं पाहिजे. ऑटोमेशन जमलं नाही म्हणून काढलं आणि मेलमध्ये कम्युनिकेशन स्किल्सचं सर्टिफिकेट लावलं, असं मी पाहिलंय, त्याचा काही उपयोग होत नाही.

टर्मिनेशन लेटर लगेच जोडायचं का, हेही तिने विचारलं. नाही. मागतील तेव्हा द्यायचं, पण देणार आहे हे लिहून ठेवायचं. अटॅचमेंट दहा ठिकाणी फिरते, आणि त्या पत्राची भाषा तुमच्या तीन ओळींपेक्षा कोरडीच असते.

मेल कुणाला? ज्या एचआरने इंटरव्ह्यू लावला तिला, त्याच जुन्या मेलवर रिप्लाय करून. पॅनेलमधल्या सगळ्यांना सीसी करू नका, तुमची ही माहिती किती लोकांपर्यंत जावी हे एचआरला ठरवू द्या. वेळ महत्त्वाची आहे, पॅनेल बहुतेक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फीडबॅक भरतं, म्हणून दुरुस्ती त्याच्या आसपास पोचली पाहिजे. हिने दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताना पाठवला. रात्री दीड वाजता पाठवणार होती, मी म्हटलं झोप आणि सकाळी एकदा वाचून पाठव.

ज्यांना इंटरव्ह्यूत हा प्रश्न विचारलाच नाही त्यांनी काय करायचं? माझं मत असं की अर्जात किंवा फॉर्ममध्येही कुठे विचारलं नसेल तर आभाराच्या मेलमध्ये आपणहून घालायची गरज नाही, एचआर राउंडला किंवा व्हेरिफिकेशनचा फॉर्म आला की सांगा, फक्त ऑफर स्वीकारायच्या आधी. पण तोंडी किंवा लेखी काही चुकीचं गेलं असेल तर वाट बघू नका.

बाणेरवाल्यांचा दोन दिवसांनी फोन आला. एचआरने दोनच गोष्टी विचारल्या, पीआयपीच्या काळात नेमकं काय जमलं नाही आणि फ्रीलान्सवाल्या लीडचा नंबर. मग मॅनेजरने एक जादा राउंड घेतला, स्क्रीन शेअर करून तिच्याकडून दोन टेस्ट लिहून घेतल्या, आणि ऑफर आली. त्याआधी दुसऱ्या एका कंपनीला तिने फॉर्ममध्येच टर्मिनेशन लिहून दिलं होतं, त्यांनी पॉलिसीत बसत नाही म्हणून तिथेच थांबवलं होतं, असंही होतं.

ऑफरसोबत व्हेरिफिकेशनचा फॉर्म आला तेव्हा ती परत विचारायला आली, "ताई, सोडण्याच्या कारणात काय भरू?" मेलमधलं तेच वाक्य कॉपी करून टाकायला लावलं, एक शब्दही न बदलता.