जिना उतरताना गुडघा दुखत असेल तर मांडीचा स्नायू कसा बळकट करावा

पंचेचाळिशी ते साठीच्या स्त्रिया गुडघेदुखीची तक्रार घेऊन येतात, तेव्हा त्यांपैकी बऱ्याच जणींचे पहिले वाक्य एकच असते: "सपाटीवर कितीही चालते, पण जिना उतरवत नाही." फिजिओथेरपिस्ट म्हणून या वाक्याला मी फार महत्त्व देते, कारण गुडघ्याच्या झिजेची सुरुवात पुष्कळदा जिन्यावरच जाणवते आणि दुखणे या टप्प्यावर असताना व्यायामाचा उपयोगही चांगला होतो.

पायरी उतरताना वरच्या पायरीवरचा पाय गुडघ्यात हळूहळू वाकतो आणि शरीराचा सगळा भार तेवढा वेळ त्या एकाच पायावर असतो. हे वाकणे धाडकन होऊ नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून धरतो, म्हणजे तो ब्रेकचे काम करतो. हा जोर गुडघ्याच्या वाटीमागच्या सांध्यावर येतो आणि जिन्यावर तिथला दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट होतो. सपाटीवर तो त्याहून कितीतरी कमी असतो. स्नायू अशक्त असेल तर शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये ब्रेक सुटतो, पाऊल खाली आदळते आणि ती कळ वाटीभोवती उठते.

झीज म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत कूर्चेचे आवरण पातळ व खडबडीत होणे, कडेला हाडाची लहान टोके वाढणे आणि सांध्याच्या अस्तराला अधूनमधून सूज येणे. पन्नाशीनंतर हे बदल पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतात. मात्र एक्स-रेमधील झीज आणि दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. फोटोत बरीच झीज दिसूनही एखादी बाई विनातक्रार जिना चढते, तर फोटो जवळपास निर्दोष असूनही दुसरीला कठडा सोडवत नाही. झिजलेली कूर्चा व्यायामाने भरून येत नाही. बदलता येतात त्या दोन गोष्टी, मांडीचे बळ आणि गुडघ्यावरचा भार, आणि हा लेख त्या दोहोंपुरता आहे.

आधी काय तपासावे

दुखणे वाटीच्या पुढे किंवा भोवती असेल, जिन्यावर आणि बराच वेळ बसून उठताना वाढत असेल, तर खालचा क्रम बहुधा लागू पडतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, चालण्याचे अंतर वाढेल तसे दुखत असेल तरी हेच व्यायाम चालतात, फक्त पायरीचा व्यायाम उशिरा सुरू करावा. नुसता कटकट आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर त्याची काळजी करू नये.

गुडघा लाल, गरम होऊन सुजला असेल, ताप असेल, पाय मध्येच अडकून सरळ होत नसेल, पडल्यानंतर भार देता येत नसेल किंवा पोटरी एकाएकी सुजली असेल, तर व्यायाम न करता लगेच डॉक्टरांना दाखवावे. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि बोटांचे सांधेही सुजत असतील, तर तो आमवातासारखा वेगळा आजार असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधे वेगळी असतात.

बसल्या जागी सुरुवात

गुडघ्याला सूज असली की मांडीचा स्नायू आपोआप मंदावतो, त्यामुळे पहिले काम त्याला जागे करण्याचे असते. पलंगावर पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती खाली दाबावी. हाताचा तळवा वाटीच्या चार बोटे वर ठेवला की स्नायू घट्ट होतो आहे का ते कळते. आतल्या बाजूचा फुगीर भाग तुमच्या दुखऱ्या पायात पिठाच्या गोळ्यासारखा मऊ राहतो आणि चांगल्या पायात टणक होतो, हा फरक हाताला स्पष्ट जाणवतो. पाच सेकंद धरावे, सोडावे, असे दहा वेळा, दिवसातून दोनदा करावे. श्वास रोखून धरू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष पाळावे.

त्यानंतर उताणे झोपून दुसरा पाय गुडघ्यात वाकवावा आणि दुखरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच आकडे धरावा आणि हळू खाली आणावा. पाय उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर स्नायू अजून तयार नाही असे समजून आणखी काही दिवस टॉवेलच्या व्यायामावरच राहावे. दहा-दहाच्या तीन फेऱ्या विनासायास होऊ लागल्या की पुढे जावे. याला साधारण दोन आठवडे लागतात.

खुर्ची, मग पाट

जिन्याची खरी तयारी खुर्चीवर होते. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली, न घसरणारी खुर्ची घ्यावी. हात छातीशी ठेवून उठावे आणि बसताना मनात चार आकडे मोजत खाली यावे. उठण्यापेक्षा बसणे महत्त्वाचे आहे, कारण जिना उतरताना स्नायूला हेच काम करावे लागते. शेवटच्या क्षणी अंग खुर्चीत टाकले जात असेल तर ब्रेक तिथे सुटतो आहे, म्हणून बैठकीवर उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवून उंची वाढवावी आणि दर आठवड्याला एक घडी कमी करावी. आठ ते दहा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस पुरे आहे. मधला दिवस मोकळा सोडावा, कारण स्नायूचे बळ विश्रांतीत वाढते.

त्यानंतर जेवणाचा लाकडी पाट उपयोगी पडतो. आठ-दहा सेंटिमीटर उंचीचा मजबूत पाट रबरी पायपुसण्यावर, ओटा किंवा पलंगाच्या शेजारी ठेवावा आणि एका हाताने आधार घ्यावा. दुखरा पाय पाटावर ठेवून दुसऱ्या पायाची टाच पुढे तीन आकड्यांत जमिनीला अलगद टेकवावी आणि परत वर यावे. समोर आरसा असेल तर फार बरे. गुडघा आत अंगठ्याच्या बाजूला कोसळत असेल तर वाटीवर तिरका ताण येतो. तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. राहत नसेल तर नितंबाच्या बाहेरचे स्नायू कमी पडत आहेत, म्हणून कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडण्याचा व्यायाम जोडावा. पाटावर दहा वेळा नीट जमले की घराच्या खऱ्या पायरीवर, कठडा धरून, हीच कृती करावी.

दुखले तर थांबायचे का, हा प्रश्न सगळ्याच जणी विचारतात. शून्य म्हणजे अजिबात न दुखणे आणि दहा म्हणजे असह्य, असे मोजले तर व्यायाम करताना चारपर्यंतचे दुखणे चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकेच झालेले असावे आणि नवी सूज नसावी. तसे नसेल तर संख्या निम्मी करावी. व्यायाम पूर्ण बंद करणे ही चूक मला वारंवार दिसते. आठवडाभराच्या विश्रांतीने दुखणे कमी होते, स्नायूही कमी होतो, आणि पुढच्या वेळी जिना आणखी जड जातो. तेलाने मालिश केल्यास बरे वाटते, ते जरूर करावे, पण त्याने बळ वाढत नाही.

हे सगळे होईपर्यंत जिना टाळता येत नसेल तर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकावा, एका पायरीवर दोन्ही पाय आणावेत आणि कठड्याचा हात सोडू नये. उकिडवे बसून भांडी, कपडे किंवा फरशी करण्याचे काम या काळात स्टुलावर बसून किंवा उभ्याने करावे.

वजनाचा हिशेब

2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, वजन जास्त असलेल्या आणि गुडघ्याची झीज झालेल्या व्यक्तींमध्ये, शरीराचे वजन एक किलोने कमी झाले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो असे दिसले. म्हणून वीस किलोंचे ध्येय ठेवण्याची गरज नाही. सत्तर किलोंच्या बाईने साडेतीन-चार किलो, म्हणजे सुमारे पाच टक्के, उतरवले तरी फरक जाणवू शकतो, आणि व्यायामासह दहा टक्क्यांपर्यंत गेल्यास फायदा अधिक मिळतो. ज्यांचे वजन उंचीच्या मानाने ठीकच आहे त्यांनी मात्र ते कमी करू नये. त्यांनी केवळ बळावर भर द्यावा.

खाणे कमी करताना स्नायूही कमी होऊ शकतो, ही यातली खरी अडचण आहे. म्हणून पोळी-भात थोडा कमी करताना वाटीभर घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, किंवा चालत असल्यास अंडी वाढवावीत. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे डॉक्टरांना विचारून करावे. चहाकडेही पाहावे: चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, सुमारे सव्वाशे कॅलरी रोज होतात, आणि सोबतची खारी वेगळीच. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर त्या दिवशी खाणे कमी होत नाही, बहुतेकदा वाढते.

एक उदाहरण

माझ्याकडे आलेल्या एक बाई बावन्न वर्षांच्या, वजन एकाहत्तर किलो, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. घरापर्यंत चोपन्न पायऱ्या होत्या. सकाळी दूध आणायला त्या आडव्या होऊन, दोन्ही हातांनी कठडा धरून उतरत, आणि दुधाची पिशवी मनगटात अडकवलेली असे. तीस सेकंदांत खुर्चीवरून त्या नऊ वेळा उठू शकत होत्या. पहिले दोन आठवडे फक्त टॉवेल आणि पाय उचलणे केले, तिसऱ्यापासून दोन घड्यांच्या गोधडीवर खुर्ची, सहाव्यापासून पाट. सातव्या आठवड्यात दिवाळीच्या साफसफाईत त्या दिवसभर उकिडव्या बसल्या आणि गुडघा सुजला. तेव्हा पाट थांबवून खुर्ची निम्म्यावर आणली, बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटे लावला आणि नऊ दिवसांनी पुन्हा पाटावर आलो. बाराव्या आठवड्यात त्या खुर्चीवरून तेरा वेळा उठत होत्या आणि एका हाताने कठडा धरून सरळ उतरत होत्या. चार किलो उतरायला पाच महिने लागले. उतरताना शेवटच्या मजल्यावर किंचित दुखणे आजही राहते, म्हणून आठवड्यातून दोन दिवस खुर्ची आणि पाट त्यांनी चालू ठेवले आहेत.