बॉलनोज कटरचा प्रभावी व्यास आणि कंगोऱ्याची उंची कशी काढावी

बॉलनोज कटरवर १० मिमी असे कोरलेले असले, तरी फिनिशिंगच्या उथळ कटमध्ये तो १० मिमी व्यासाने कापत नाही. गोल टोकाचा जेवढा भाग धातूत उतरतो तेवढ्याच व्यासाने तो कापतो आणि हा व्यास बहुतेक वेळा छापील व्यासाच्या एक तृतीयांशाहूनही लहान निघतो. दोन पासांमध्ये उरणाऱ्या बारीक कंगोऱ्याची, म्हणजे स्कॅलपची, उंचीही त्याच गोलावरून ठरते. या दोन्ही गोष्टी शाळेत शिकलेल्या एकाच प्रमेयाने निघतात, म्हणून सूत्रे पाठ करण्याऐवजी ते प्रमेय आठवावे: वर्तुळाचा व्यास जीवेला लंब असेल, तर अर्ध्या जीवेचा वर्ग हा व्यासाच्या दोन तुकड्यांच्या गुणाकाराइतका असतो.

उदाहरण म्हणून पी-२० पोलादाच्या मोल्डचा एक सपाट भाग घेऊ. कटर १० मिमीचा, दोन धारांचा, कार्बाइडचा आहे. फिनिशिंगसाठी ०.२ मिमी माल सोडलेला आहे आणि कटरच्या कॅटलॉगने या पोलादासाठी मिनिटाला १५० मीटर कटिंग स्पीड दिला आहे असे धरू.

पहिली पायरी: प्रभावी व्यास काढणे

कटरच्या टोकापासून ०.२ मिमी वर एक आडवी रेघ कल्पावी. ती रेघ टोकाच्या वर्तुळाला जेथे छेदते ती जीवा म्हणजेच प्रभावी व्यास. व्यासाचे दोन तुकडे झाले ०.२ आणि ९.८ मिमी.

```
Deff = 2 * sqrt(ap * (D - ap))
     = 2 * sqrt(0.2 * 9.8) = 2.8 mm
```

१० मिमीचा कटर येथे २.८ मिमीच्या कटरसारखा वागतो. छापील व्यास धरून आरपीएम काढला तर तो सुमारे ४७७५ येतो, पण त्या आरपीएमला धारेचा प्रत्यक्ष वेग मिनिटाला जेमतेम ४२ मीटर असतो. १५० मीटर हवे असतील तर स्पिंडल सुमारे १७,००० आरपीएमने फिरावा लागेल.

```
n = Vc * 1000 / (pi * Deff)
```

हा २.८ मिमीचा आकडाही सर्वांत बाहेरच्या बिंदूचा आहे, हे विसरू नये. तेथून आत जाताना वेग कमी होत जातो आणि नेमक्या टोकावर तो शून्य असतो, स्पिंडल कितीही पळवला तरी. तेथे धार कापत नाही, घासते. एकाच जॉबवर उताराचा भाग चकचकीत आणि सपाट माथा मात्र धूसर, सारवल्यासारखा दिसत असेल, तर हेच घडले आहे असे समजावे. मी स्वतः सुरुवातीला असा माथा पाहून कोटिंग गेले या समजुतीने कटर बदलला होता. नव्या कटरनेही माथा तसाच धूसर आला, तेव्हा कुठे भिंगाखाली टोक पाहिले आणि टोकाजवळच चिकटलेला धातू दिसला.

दुसरी पायरी: टोकाला कामातून बाहेर काढणे

१७,००० आरपीएमचा स्पिंडल नसेल, तर जॉब किंवा कटर कलवणे हा खरा उपाय आहे. पाच अक्षांच्या मशीनवर कटर कलवता येतो. तीन अक्षांच्या मशीनवर जॉब साइन व्हाइसमध्ये बसवून तोच परिणाम साधता येतो. कोन १५ अंश घेतला तर असे होते:

```
Deff = D * sin(b + acos(1 - 2*ap/D))
     = 10 * sin(15 + 16.26) = 5.19 mm
```

यात `b` हा कलण्याचा कोन आहे आणि `ap` पृष्ठभागाला लंब दिशेने मोजायचा आहे. आता १५० मीटरसाठी सुमारे ९२०० आरपीएम पुरतो, जो १०,००० आरपीएमच्या साध्या मशीनलाही झेपतो. प्रत्येक धारेला ०.१ मिमी फीड धरला तर दोन धारांचा फीड मिनिटाला १८४० मिमी होतो. आरपीएम बदलला की फीडही नव्याने काढावा, नाहीतर प्रत्येक धारेच्या वाट्याचा फीड बदलून बसतो.

येथे एक बारकावा बहुधा सुटतो. वरचा आकडा तेव्हाच खरा असतो, जेव्हा न कापलेला माल कटरच्या चढाच्या बाजूला असतो. पास खालून वर सरकत गेले तर कटर १५ अंशांपासून ३१ अंशांपर्यंतच्या पट्ट्याने कापतो. पास वरून खाली सरकवले तर माल उताराच्या बाजूला येतो, १५ मधून १६.२६ वजा होतात आणि टोक पुन्हा धातूत सापडते. सगळा खटाटोप करून माथा धूसरच राहिला, तर प्रथम पासांची दिशा तपासावी.

तिसरी पायरी: स्टेपओव्हरवरून कंगोऱ्याची उंची

आता तीच जीवा पुन्हा घ्यायची. या वेळी जीवा म्हणजे स्टेपओव्हर, अर्थात शेजारच्या दोन पासांमधले अंतर `ae`, आणि तिच्याखालचा छोटा तुकडा म्हणजे कंगोऱ्याची उंची `h`. उंची व्यासाच्या मानाने नगण्य असल्यामुळे सूत्र सोपे होते:

```
h = ae^2 / (4 * D)
```

स्टेपओव्हर ०.४ मिमी घेतल्यास उंची ०.१६ भागिले ४०, म्हणजे ०.००४ मिमी, म्हणजे ४ मायक्रॉन येते. उलट बाजूने, ५ मायक्रॉन चालत असतील तर स्टेपओव्हर सुमारे ०.४५ मिमी घेता येतो. कटर कलवल्याने या हिशेबात फरक पडत नाही, कारण गोल कसाही फिरवला तरी गोलच राहतो. फक्त स्टेपओव्हर पृष्ठभागावरून मोजलेला असावा. रफनेस मीटरवर दिसणारा Ra या उंचीच्या साधारण पाव पट असतो, म्हणजे येथे १ मायक्रॉनच्या आसपास. प्रत्यक्षात तो याहून थोडा जास्तच येतो.

उंची स्टेपओव्हरच्या वर्गाने बदलते, वेळ मात्र साध्या प्रमाणात. १०० बाय १०० मिमीच्या भागाला ०.४ मिमीने २५० पास लागतात आणि वरच्या फीडला ते सुमारे साडेतेरा मिनिटांत होतात. ०.२ मिमी केल्यास सव्वासत्तावीस मिनिटे लागतात आणि कागदावर कंगोरा १ मायक्रॉनवर येतो. पण कटरचा रनआउटच काही मायक्रॉन असेल, तर हा फायदा पृष्ठभागावर उतरत नाही. अशा वेळी स्टेपओव्हर कमी करण्याआधी डायलने रनआउट पाहावा आणि कॉलेट पुसून पुन्हा बसवावे.

चढ असलेल्या पृष्ठभागावर

तीन अक्षांच्या साध्या समांतर पासांमध्ये प्रोग्राममधला स्टेपओव्हर वरून पाहून मोजलेला असतो. पास चढाला आडवे असतील, तर पृष्ठभागावरचे खरे अंतर कोनाच्या कोसाइनने भागल्याइतके वाढते. ०.४ मिमीचे ४५ अंशांवर ०.५६६ मिमी होतात आणि कंगोरा ८ मायक्रॉनचा. ६० अंशांवर ०.८ मिमी आणि कंगोरा १६ मायक्रॉनचा, म्हणजे सपाट भागाच्या चौपट. नखाने हे सहज जाणवते. म्हणून साधारण ४५ अंशांपुढचा भाग वेगळा काढून तेथे एकसारख्या उंचीवरून फिरणारे पास द्यावेत, किंवा कॅम सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभागावरून अंतर समान ठेवणारा पर्याय असल्यास तो निवडावा. बाहेर फुगलेल्या वळणावर कंगोरा या हिशेबापेक्षा थोडा मोठा येतो आणि आत वळलेल्या भागावर लहान. वळणाची त्रिज्या कटरच्या त्रिज्येच्या जवळ असेल तेव्हाच हा फरक लक्षात घ्यावा लागतो.