जुनं पुस्तक घेण्याआधी ३०२ उघडून बघ

लॉच्या शेवटच्या वर्षात पुस्तकं घ्यायला निघशील, तेव्हा आधी एक तारीख लक्षात घे. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान ३ वर्षं वकिलीची अट परत आणली. ही वर्षं तात्पुरत्या सनदेपासून मोजतात. म्हणजे आत्ता घेतलेली पुस्तकं कोल्हापूरच्या कोर्टात रोज उभं राहतानाही चालली पाहिजेत. लगेच द्यायची परीक्षा म्हणजे एलएलएमची सीईटी किंवा क्लॅट पीजी.

गाईडं राहू देत. पहिल्यांदा बेअर अ‍ॅक्ट घे, आणि फौजदारीचे तिन्ही नवेच घे. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. दुकानात कलम ३०२ चं पान काढ. तिथे खुनाची शिक्षा दिसली तर हातात जुनं आयपीसी आहे. न्याय संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्यासाठी उच्चारलेले शब्द, आणि खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे. मी सीनियरकडून स्वस्तात घेतलेल्या प्रश्नसंचात मुखपृष्ठ नवं आणि आतली उत्तरं जुन्या कलमांची होती. महिनाभर तेच पाठ केलं, आणि ते विसरायला त्याहून जास्त दिवस गेले.

तरीही आयपीसीचं भाष्य रद्दीत घालू नकोस. समज, रंकाळ्यावर कुणाचा मोबाईल हिसकावला. घटना २८ जून २०२४ ची असेल तर आरोप आयपीसी ३७९ खाली चोरीचा. तीच घटना ३ जुलैची असेल तर न्याय संहितेचं ३०४, कारण हिसकावून चोरी हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ठरतं ते गुन्ह्याच्या तारखेवरून, फिर्यादीच्या नव्हे. जुने खटले कोर्टात अजून चालू आहेत. शिवाय सदोष मनुष्यवध आणि खून यांतला फरक जुन्या भाष्यातच नीट कळतो, कारण व्याख्या जवळपास त्याच आहेत. फक्त २९९ आणि ३०० चे आता १०० आणि १०१ झालेत.

करार कायदा, मालमत्ता हस्तांतरण यांची जुनी पुस्तकं बिनधास्त घे. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याला मात्र तसं करू नकोस. कलम १० वाच. करारपूर्तीचा आदेश न्यायालयाच्या विवेकावर सोडलेला दिसला, तर प्रत २०१८ च्या दुरुस्तीआधीची आहे. ती दुरुस्ती १ ऑक्टोबर २०१८ ला लागू झाली.

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणशील, तेव्हा फौजदारीच्या प्रत्येक प्रश्नाशेजारी नवं कलम पेन्सिलीने लिही, आणि ते बेअर अ‍ॅक्टमधून शोधूनच लिही. तयार तक्त्यातून उतरवलं तर पोटकलमं निसटतात. फसवणुकीचं ४२० आता नुसतं ३१८ नाही, ३१८(४) आहे.